कंटेनरचं घर करताय? वाशिमच्या हवेत पत्र्याला घाम का सुटतो, ते आधी समजून घ्या

इन्स्टावर एक रील हमखास दिसतं. जुना कंटेनर क्रेनने उतरवला जातो, गॅस कटरने खिडक्या कापतात, आतून पांढरे बोर्ड लागतात आणि पंधराव्या सेकंदाला त्याचं झकास घर झालेलं असतं. खाली कमेंट ठरलेल्या, "शेतात असंच टाकायचंय, खर्च किती?"

खर्चाच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा, तो सहसा कुणी विचारत नाही. बोर्डच्या मागे काय भरलंय? वाशिम जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो, जानेवारीच्या रात्री तो १०-१२ पर्यंत उतरतो आणि मधले चार महिने हवेत दमटपणा असतो. पोलादी डबा या तिन्ही ऋतूंत वेगवेगळ्या पद्धतीने त्रास देतो. ते घर राहण्यासारखं होणार की दोन वर्षांत बोर्ड फुगून कुबट वास मारणार, हे त्या न दिसणाऱ्या थरावर ठरतं.

हा डबा बनला कशासाठी?

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात इथून मानतात. तेव्हापासून कंटेनरचं काम एकच आहे. माल कोरडा ठेवायचा आणि वर आठ-नऊ डबे रचले तरी वाकायचं नाही. आत माणूस झोपणार आहे, हा विचार त्याच्या रचनेत कुठेच नाही.

२० फुटी कंटेनर बाहेरून साधारण ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच असतो. भिंती नालीदार पोलादी पत्र्याच्या असतात आणि हा पत्रा दीड ते दोन मिलिमीटर जाड असतो. तळाला २८ मिलिमीटरचं प्लायवुड असतं. त्यावर अनेकदा कीटकनाशक मारलेलं असतं, त्यामुळे जुना कंटेनर घेतला तर हे प्लाय बदलावं किंवा नीट सील करून त्यावर नवी फरशी करावी.

पत्रा आणि वीट यांत फरक किती?

पोलादातून उष्णता फार सहज जाते. नऊ इंची विटेची भिंत उष्णतेला जेवढी अडवते, तेवढी अडवायला नुसतं पोलाद वापरायचं ठरवलं तर ते सुमारे १५ मीटर जाड लागेल. कंटेनरला आहे दोन मिलिमीटर. म्हणजे उष्णतेच्या हिशोबात ही भिंत नसल्यासारखीच आहे.

वीट आणखी एक काम करते. ती दिवसभराची उष्णता स्वतःत साठवते आणि काही तासांनी, हळूहळू आत सोडते. म्हणून जुन्या वाड्यात दुपारी गार वाटतं. पत्र्याला हा उशीर माहीत नाही. ऊन पडलं की काही मिनिटांत तापतो, ढग आला की लगेच उतरतो. हा चटकन गार होण्याचा गुण पुढे पावसाळ्यात आपल्याला नडणार आहे.

आता समजा, वाशिमजवळच्या एखाद्या शेतावर २० फुटी कंटेनर उघड्यावर ठेवलाय आणि त्याचा रंग गडद निळा आहे. मे महिन्यातली दुपार, हवा ४३ अंश. हवेचा ताप अधिक उन्हाचा मारा असा हिशोब केला, तर छतावर जवळपास ७५ अंशांच्या बरोबरीचा ताप पडतो. आत ३० अंश ठेवायचे असतील तर जेमतेम १५ चौरस मीटरच्या त्या छतातून साधारण ३ हजार वॅट उष्णता आत येत राहील. म्हणजे जवळपास एक टनाचा एसी फक्त छताशी झुंजण्यात संपला. भिंती, खिडक्या आणि माणसं यांचा हिशोब अजून सुरूही झालेला नाही.

त्याच छताला पांढरा रंग दिला आणि आतून ७५ मिलिमीटर पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम बसवला, तर कागदावर हाच आकडा सव्वाशे वॅटच्या आसपास येतो. प्रत्यक्षात लोखंडी फ्रेममधून गळती होते, त्यामुळे तो दुप्पट धरा. तरी तीन हजार कुठे आणि अडीचशे कुठे!

तुलनेसाठी सरकारी मोजपट्टीही आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यानुसार छताच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघड्या पत्र्यातून याच्या चौपट जाते. पंचवीस मिलिमीटर पफ लावला तरी छत या मर्यादेत बसतं. शेतातल्या छोट्या घराला ही संहिता बंधनकारक नसते, पण फॅब्रिकेटरशी बोलताना हा आकडा माहीत असलेला बरा.

उन्हाळा कळतो, पण घाम कसला?

गरम होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कंटेनरचा खरा छुपा शत्रू पाणी आहे, आणि तेही गळतीचं नाही.

हवेत कायम वाफ असते. गरम हवा जास्त वाफ धरते, गार हवा कमी. हवा एका ठरावीक तापमानाखाली गेली की जादा वाफ पाणी होऊन बाहेर पडते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटलीला बाहेरून थेंब येतात, तेच हे. कंटेनरमध्ये बाटलीची जागा भिंत आणि छत घेतात. समुद्रावरच्या मालवाहतुकीत यालाच 'कंटेनर रेन' म्हणतात. छतावरून थेंब टपकून माल भिजतो, म्हणून आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतात.

वाशिमच्या जानेवारीतली रात्र घेऊ. बाहेर १० अंश. दारं-खिडक्या बंद करून माणसं झोपलीत, आत २२ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के. या हवेचा दवबिंदू येतो १५ अंश. उघड्या पत्र्याची आतली बाजू असेल साधारण १३ अंशांवर. म्हणजे पहाटे भिंतीवरून पाणी ओघळणार, हे ठरलेलं.

इतकी वाफ येते कुठून? आपल्यातूनच. झोपलेला माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघं आठ तास झोपले की झालं ६४० ग्रॅम. आणि २० फुटी कंटेनरमधली सगळी हवा २२ अंशांना जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, ती भरते साधारण ६४० ग्रॅमच. हवा बदलली नाही तर एका रात्रीत डबा काठोकाठ भरतो. त्यात आतच स्वयंपाक केला तर भर पडते, कारण एक किलो एलपीजी जळाला की त्यातून सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन निघतं.

थंडीपेक्षा पावसाळा जास्त अवघड

परदेशी व्हिडिओ पाहून लोक समजतात की पत्र्याला घाम फुटणं ही बर्फाळ देशातली भानगड. विदर्भात उलट आहे. इथली थंडी सौम्य आणि दोन-अडीच महिन्यांची. घाम सुटण्याचे जास्त प्रसंग पावसाळ्यात येतात.

जुलैतली संध्याकाळ. आत २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. दवबिंदू २५ अंशांच्या पुढे. आणि जोराची सर आली. पावसाचं पाणी छतावरून वाहू लागलं की पातळ पत्रा झटक्यात २२-२३ अंशांवर येतो. बाहेर पाऊस सुरू असतानाच आतल्या बाजूने थेंब धरतात. घरमालकाला वाटतं छत गळतंय. तो वर चढून वॉटरप्रूफिंग करून घेतो, पुढच्या सरीला पुन्हा तेच.

गळती की घाम, हे ओळखायची सोपी पद्धत आहे. गळती एका जागी, सांध्याजवळ किंवा स्क्रूच्या भोकाजवळ असते आणि पाऊस थांबल्यावरही थोडा वेळ टपकते. घाम मात्र मोठ्या भागावर बारीक थेंबांच्या थराने येतो आणि निरभ्र रात्री, पावसाचा थेंब नसतानाही येऊ शकतो. कारण मोकळ्या आकाशाखाली छत रात्री उष्णता वर सोडतं आणि आसपासच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतं. गाडीच्या टपावर सकाळी दव दिसतं ते याचमुळे.

आधी वरून सावली, मग आतून थर

वाशिमसारख्या ठिकाणी पहिला खर्च आतल्या पॅनेलवर नाही, वरच्या दुसऱ्या छपरावर करायला हवा. कंटेनरच्या वर एक ते दीड फूट मोकळी जागा ठेवून साधं पत्र्याचं शेड उभारायचं. मधली जागा दोन्ही बाजूंनी उघडी, वारा आरपार जाईल अशी. पश्चिम आणि दक्षिणेला दोन-तीन फूट छज्जा बाहेर काढायचा.

हे एक शेड तीन कामं करतं. ऊन वरच्या पत्र्यावर पडतं, खालचा कंटेनर सावलीत राहतो आणि त्याचं छत हवेच्या तापमानाच्या जवळपास थांबतं. पावसाचं गार पाणी थेट छतावर पडत नाही, त्यामुळे ते झटक्यात गार होत नाही. आणि रात्री छत मोकळ्या आकाशाऐवजी वरच्या पत्र्याकडे 'पाहतं', म्हणून दवबिंदूखाली जाण्याची शक्यताही कमी होते. वर पावसाचा ताडताड आवाज कमी, हा बोनस.

एकच काळजी. मे-जूनमधल्या वळवाच्या पावसाआधीचं वादळ हलक्या शेडचा पत्रा उडवून नेतं. त्यामुळे शेडचे खांब स्वतंत्र पायावर घ्यावेत आणि पत्रे नुसत्या टेकूवर न ठेवता जे-हुकने घट्ट आवळावेत. जमीन काळी असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. कंटेनरच्या चार कोपऱ्यांखालचे काँक्रीटचे पाये मुरमापर्यंत खोल न्यावे लागतात, नाहीतर डबा तिरका होऊन दारं अडकतात.

आतून काय भरायचं?

बाजारात चार गोष्टी सहज मिळतात. थर्माकोल, ग्लासवूल, रॉकवूल आणि पफ. स्वस्त पोर्टा केबिनमध्ये सर्रास दिसतं ते असं, पत्र्याला लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम वेल्डिंग करतात, मधे ग्लासवूल कोंबतात, वरून एमडीएफ किंवा प्लाय ठोकतात. साइट ऑफिस म्हणून हे चालून जातं, कारण तिथे रात्री कुणी झोपत नाही आणि केबिन काही वर्षांत हलते. घरासाठी मात्र हीच पद्धत सगळ्यात धोक्याची.

कारण असं. पोलादातून वाफ अजिबात आरपार जात नाही. खोलीतली दमट हवा प्लायच्या फटींतून, स्विचबोर्डच्या भोकांतून मागे जाते. ग्लासवूल उष्णता अडवतं, पण हवा अडवत नाही. हवा त्यातून निघून गार पत्र्यापर्यंत पोचते, तिथे पाणी होतं आणि ते पाणी बाहेर पडायला वाट नसते. ग्लासवूल भिजून खाली बसतं. भिजल्यावर ते उष्णताही नीट अडवत नाही. वर रिकामी झालेली पट्टी दुपारी तापते आणि खाली प्लायची कड कुजते.

म्हणून नियम एवढाच, खोलीतली हवा गार पत्र्यापर्यंत पोचता कामा नये.

यावर सगळ्यात पक्का उपाय स्प्रे पफचा आहे, तोही 'क्लोज्ड सेल' प्रकारचा. तो पत्र्याला थेट चिकटतो, भिंतीच्या नालींत भरतो, मधे हवेला जागाच राहत नाही. ५० मिलिमीटर थर दिला तर त्या जानेवारीच्या रात्री आतला पृष्ठभाग १३ ऐवजी २१ अंशांवर राहतो. दवबिंदू १५. म्हणजे कोरडं. भिंतींना ५०, छताला ७५ मिलिमीटर हे वाशिमसाठी पुरेसं आहे. त्याहून जाड थर दिला तर फायदा थोडा आणि जागा जाते जास्त. दोन्ही बाजूंचा पफ आणि बोर्ड धरून २.३५ मीटरची आतली रुंदी आधीच २.२ मीटरवर येते.

उंचीचं गणितही इथेच बघावं. साध्या कंटेनरची आतली उंची २.३९ मीटर, थर दिल्यावर २.३ च्या आत. हाय क्यूब कंटेनर आतून २.६९ मीटर असतो, त्यामुळे घरासाठी तोच बघावा. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर सांगितली आहे. डबा घेण्याआधी परवानगीचं विचारून घ्यावं ते यासाठीही.

कामाचा क्रम चुकला तर

कापणं, वेल्डिंग, खिडक्यांच्या चौकटी, एसीची भोकं, वायरिंगचे पाइप, हे सगळं फोमच्या आधी संपलं पाहिजे. पफ जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. फोम मारून झाल्यावर 'एक हुक राहिला' म्हणून बाहेरून वेल्डिंग केलं तर आत आग लागू शकते. फोम तसाच उघडाही ठेवायचा नाही, वरून जिप्सम किंवा फायबर सिमेंट बोर्ड हवाच.

त्यानंतर पत्रा तारेच्या ब्रशने घासायचा, गंज काढायचा, तेलकटपणा पुसायचा, प्रायमर मारून वाळू द्यायचा. गंजावर फोम मारला तर तो गंजाच्या पापुद्र्यासकट सुटतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकावं, तापलेल्या पत्र्यावर फोम नीट बसत नाही. मारताना एकदम ५० मिलिमीटर न मारता २०-२५ मिलिमीटरचे थर द्यायचे आणि प्रत्येक थर गार होऊ द्यायचा. फोम तयार होताना स्वतः तापतो. जाड थर एकदम दिला की आतून तपकिरी होतो, आक्रसतो आणि पत्र्यापासून सुटतो. काम करणाऱ्यांना योग्य श्वसन-मास्क हवा आणि त्या दिवशी घरच्यांनी आत फिरू नये.

काम बरोबर झालंय का, हे दुसऱ्या दिवशी तपासता येतं. कोपऱ्यात दोन इंचांचा तुकडा कापून काढा. आतली छिद्रं बारीक आणि सारखी हवीत, मधे तपकिरी डाग नको, आणि तुकडा पत्र्यावरून सहज उचकटता येऊ नये. आठवडा उलटूनही मासळीसारखा वास येत असेल तर दोन रसायनांचं प्रमाण चुकलंय. त्यावर बोर्ड मारून वास झाकू नये.

स्प्रेवाला एका डब्यासाठी यायला तयार नसेल तर बोर्ड वापरता येतात. पफचे किंवा एक्सपीएसचे बोर्ड चिकटवायचे, प्रत्येक सांधा फोमच्या कॅनने भरायचा आणि वरून अॅल्युमिनियम फॉइल टेप. इथे मेहनत जास्त आहे, कारण भिंतीच्या नाली साडेतीन सेंटिमीटर खोल असतात आणि सपाट बोर्डमागे उभ्या पोकळ्या राहतात. वर-खाली त्यांची तोंडं बंद केली नाहीत तर त्यातून हवा फिरत राहते. रॉकवूल जळत नाही, ही त्याची मोठी बाजू. पण ते वापरलं तर खोलीकडच्या बाजूने जाड प्लास्टिक शीट अखंड लावावी लागते. एका स्विचबोर्डसाठी ती कापली आणि टेप लावली नाही, की तिथूनच ओल सुरू.

आणि फ्रेम. लोखंडी पाइप थेट पत्र्याला वेल्ड केला तर तो उष्णतेचा पूल बनतो. उन्हाळ्यात बोर्डवर हात फिरवला की दर दोन फुटांवर गरम पट्टी लागते. पावसाळ्यात त्याच पट्टीवर काळी बुरशी उभ्या रेषेत उगवते. फ्रेम पत्र्यापासून एक इंच पुढे घेऊन मधे फोम जाऊ दिला, की हे टळतं.

हवा बाहेर कुठून जाणार?

फोम मारलेला कंटेनर हवाबंद होतो. म्हणून दोन जाळीदार झरोके हवेतच, एक खाली, एक समोरच्या भिंतीत छताजवळ, आणि ते थंडीतही बुजवायचे नाहीत. चुलीजवळ एक्झॉस्ट फॅन हवा, किंवा सरळ स्वयंपाक शेडखाली बाहेर करावा. थंडी आहे म्हणून आत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं तर अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि एवढ्या छोट्या हवाबंद डब्यात तो जीव घ्यायला वेळ लावत नाही.

विदर्भात एसीपेक्षा कूलर जास्त. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. बंद डब्यात कूलर म्हणजे फक्त ओलावा भरणं. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा.

घर आधीच झालंय आणि बोर्डमागे काय चाललंय ते कळत नसेल, तर खालच्या कडेला बघा. गंजाच्या रंगाचे ओघळ, फुगलेली प्लायची कड, गंजलेली स्क्रूची डोकी किंवा भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागचा कुबट वास, यातलं काहीही दिसलं तर सगळ्यात खालचा एक बोर्ड उघडावा. ग्लासवूल पिळल्यावर पाणी निघालं तर वरून रंग मारून उपयोग नाही. तो थर काढून, पत्रा वाळवून पुन्हा करावा लागतो, आणि त्यासाठी पावसाळा संपल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे कोरडे दिवस बरे पडतात.